टेबलावर एकच माप

वर्कशॉपात त्याला सगळे मिलीमीटर म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. घरी बायकोनं भाकरी जाड केली तरी हा म्हणायचा, "दोन मिलीमीटर जास्त झाली." बायको म्हणायची, "मग मोजून खा." एकदा शेजाऱ्यानं कुंपण सरकवलं म्हणून भांडण पेटलं, तर हा हातात टेप घेऊन मधे उभा राहिला आणि दोघांचीही चूक काढून दोघांशीही अबोला ओढवून घेतला. असा हा गडी.

काम पाय बनवण्याचं. अपघातात, साखरेच्या रोगात, यंत्रात सापडून ज्यांचा पाय जातो त्यांच्यासाठी कृत्रिम पाय. पंचवीस वर्षं झाली. आधी प्लास्टरच्या खोलीत होता, कोपरापर्यंत पांढरा होऊन घरी जायचा. मग प्लास्टर गेलं आणि कोरणारं यंत्र आलं. आता माणसाच्या उरलेल्या पायावरून हातातला स्कॅनर फिरवायचा, त्याचा आकार आकड्यांत उतरतो, ते आकडे नोंदणीच्या खोलीतल्या मोठ्या कंप्युटरात जाऊन बसतात. वर्कशॉपातल्या कंप्युटरवरचा कोरणीचा प्रोग्रॅम तिथून आकडे ओढून घेतो आणि यंत्राला सांगतो. यंत्र फोमचा ठोकळा कोरून हुबेहूब आकार काढतं. त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढलं की पायाची वरची वाटी तयार. तिला सॉकेट म्हणतात. खाली नळी, नळीखाली पाऊल.

त्या नळीवरूनच मिलीमीटरचा एक नियम पडला होता. मोठ्या माणसाची नळी तीस मिलीमीटर जाडीची, लहान मुलाची बावीस. दोन्हींचे पकड-जोड दिसायला सारखेच. फार वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत तिसाच्या जोडात बावीसची नळी कोंबली आणि पाना गच्च पिळून पोरीला पाठवून दिलं. पोरगी शाळेच्या पायरीवरून खाली आली. फार लागलं नाही, पण मिलीमीटरला ते लागलं. तेव्हापासून टेबलावर एका वेळी एकच माप. दुसरं माप दिसलं की कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली याच्या खिशात. नवीन आलेल्यांना पहिल्याच दिवशी ऐकवायचा: दोन मापं जवळ ठेवली की हात चुकतो, डोळ्याला कळतसुद्धा नाही.

तर अशा माणसाच्या हाती शनिवारी नवा कंप्युटर आला. जुना आठवड्यापूर्वी धूर काढून मेला होता. कंप्युटरवाल्यानं कोरणीचा प्रोग्रॅम नव्यात चढवला, नोंदणीच्या कंप्युटरशी बोलण्यासाठी लागणारे ड्रायव्हर म्हणून छोटे प्रोग्रॅम टाकले आणि म्हणाला, जोडणीचं नाव तुमच्या प्रोग्रॅमला काय लागतं ते मला माहीत नाही, तुमच्याकडे चिठ्ठी आहे म्हणता ना, ती बघून एवढं करून घ्या. चिठ्ठी होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरानं नोकरी सोडून जाताना भिंतीवर चिकटवलेली. कुठली फाइल उघडायची, जोडणीला काय नाव द्यायचं, पत्ता काय, सगळं त्यात. अकरा वर्षांत ती पिवळी पडली होती, पण अक्षर शाबूत होतं.

सोमवारी कंडक्टरबाई आली. डावा पाय गुडघ्याखाली नाही, सहा वर्षं याच वर्कशॉपच्या पायावर बस गाजवलेली. जुन्या सॉकेटला चीर गेली होती आणि उरलेला पायही आता बारीक झाला होता. तिचं म्हणणं सरळ होतं. शुक्रवारी सकाळी दहाला डेपोत तपासणी. डॉक्टर आणि दोन साहेब बसणार, बसच्या पायऱ्या चढून-उतरून दाखवायच्या. जमलं तर सोमवारपासून ड्यूटी. नाही जमलं तर कामावरून कमी. मुदत आधीच दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा कोणी देणार नव्हतं.

मिलीमीटरनं स्कॅन केलं, बोटानं दाबून दाबून हाडाच्या जागा बघितल्या आणि म्हणाला, गुरुवारी दुपारी या.

"काका, नक्की ना? मला नंतर म्हणू नका की यंत्र रुसलं."

"यंत्र रुसत नाही. माणसं रुसतात."

हे बोलून गेला. आपण काय बोललो ते बुधवारी त्याला आठवत राहिलं.

कारण मंगळवारी दुपारी, काम कमी होतं तेव्हा, त्यानं नवा कंप्युटर झाडायला घेतला. झाडायला म्हणजे टेबल झाडतात तसा. आतल्या यादीत काय काय आहे बघता बघता त्याला ड्रायव्हर दिसले. एकाच नावाचे दोन. एकापुढे चौसष्ट लिहिलेलं, एकापुढे नाही. दोन मापं, एका टेबलावर. नवा कंप्युटर चौसष्टचा आहे हे कंप्युटरवाल्यानं चारदा सांगितलं होतं, त्याचीच तर त्याला ऐट होती. मग दुसरा कशाला? मिलीमीटरनं तो काढून टाकला. त्याची मूळ फाइल एका फोल्डरमध्ये होती, तीही काढली. कचरापेटीही रिकामी केली. मग चहा प्यायला गेला, पंचवीस वर्षांच्या सवयीनं समाधानी.

बुधवारी नऊला चिठ्ठी समोर ठेवून जोडणी करायला बसला. चिठ्ठीत लिहिलं होतं, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधली ओडीबीसीची, म्हणजे जोडण्या करायच्या खिडकीची, अमुक फाइल उघड. उघडली. नाव दिलं, पत्ता दिला, चाचणीचं बटण दाबलं. जोडणी यशस्वी. हिरवी खूण. त्यानं टेबलावर थाप मारली आणि कोरणीचा प्रोग्रॅम सुरू केला.

प्रोग्रॅमनं इंग्रजीत एक चौकोन दाखवला आणि बंद पडला.

परत केलं. परत चौकोन. परत चाचणी घेतली, परत हिरवी खूण. तिकडे सगळं ठीक, इकडे काही नाही. नोंदणीच्या खोलीतल्या ताईला बोलावून आणलं. ताईचं इंग्रजी चांगलं. तिनं चष्मा वर करून वाचलं. ड्रायव्हर आणि ॲप्लिकेशन यांच्या रचनेत मेळ नाही, असं म्हणतंय.

"कसली रचना?"

"ते नाही सांगत. मेळ नाही एवढंच म्हणतंय."

मिलीमीटर उठला, खिडकीशी गेला, परत आला. आकडे तिकडे आहेत का, ते तरी बघू म्हणून ताईनं त्याच कंप्युटरवर हिशेबाची नेहमीची शीट उघडली, त्याच जोडणीनं आकडे मागवले. धाडधाड आले. कंडक्टरबाईच्या पायाचे साडेचार हजार ठिपके, ओळीत उभे. म्हणजे जोडणी चालतेय. मग प्रोग्रॅमलाच काय धाड भरलीय? साडेचार हजार आकडे हातानं भरायचे तर प्रोग्रॅमला तशी सोयही नव्हती.

त्यानं कंप्युटरवाल्याला फोन लावला आणि सुरुवातच चुकीची केली. म्हणाला, तुमचं मशीन खराब आहे. कंप्युटरवाला म्हणाला, चाचणी यशस्वी होते ना, शीटमध्ये आकडे येतात ना, मग मशीन खराब कसं? तुमचा प्रोग्रॅम म्हातारा झालाय, नवा लिहून घ्या. तीन महिने लागतील, माणूस देतो.

तीन महिने. मिलीमीटरनं फोन ठेवला आणि वर्कशॉपात येरझाऱ्या घालायला लागला. यंत्र तिथंच उभं, फोमचा ठोकळा सकाळी सहाला कापून त्याच्या नरड्यात बसवलेला. तो ठोकळ्याकडे बघायचा, घड्याळाकडे बघायचा. हातानं करावं तर कंडक्टरबाईला परत बोलवा, प्लास्टर घ्या, वाळवा, घासा, चार दिवस. आणि प्लास्टरची खोली आता सामानाची खोली होती. कामावर बाकीचे दोघं होते ते त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला लागले. एकानं विचारलं, मिलीमीटर, जेवायचं? त्यानं ऐकलंसुद्धा नाही.

साडेअकराला डॉक्टरीणबाई आल्या. या वर्कशॉपच्या प्रमुख, मोजकं बोलणाऱ्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी वर पत्र लिहिते, कोरणीचा प्रोग्रॅम निकामी, नवीन येईपर्यंत मोठ्या केंद्राकडे रुग्ण पाठवतो. शुक्रवारचं काय, असं मिलीमीटरनं विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला फोन करून सांगा. उगाच शेवटपर्यंत आशेवर ठेवू नका."

फोन करायला तो बाहेर गेला आणि नंबर न लावताच परत आला.

शेवटच्या खेपेचा चौकोन पडद्यावर तसाच लटकलेला. बंद होईना. मिलीमीटरनं तीन कळा एकदम दाबून कंप्युटरात काय काय चालू आहे त्याची यादी उघडली, म्हणजे त्या प्रोग्रॅमची मानगूट धरून बाहेर काढता यावं. यादीत प्रोग्रॅमचं नाव होतं. नावापुढे कंसात लिहिलं होतं, बत्तीस बिट.

तो खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला. खाली ताईची शीट होती. तिच्यापुढे कंस नव्हता. बाकी कुणापुढेच नव्हता. एकटा कोरणीचा प्रोग्रॅम बत्तीस.

बिट म्हणजे काय हे त्याला धड माहीत नव्हतं आणि त्या दिवशी माहीत करून घ्यायचंही नव्हतं. पण मापं त्याला कळत होती. नळी चांगली असते. जोडही चांगला असतो. दोन्ही वेगवेगळे मोजले तर दोन्ही बरोबर येतात, म्हणूनच तर फसायला होतं. एक तीसचा, एक बावीसचा. चाचणीच्या खिडकीनं मोजलं ते चौसष्टनं चौसष्टला मोजलं, बरोबरच येणार. शीट चौसष्टची, तिला आकडे मिळणारच. बत्तीसच्या प्रोग्रॅमला चौसष्टचा ड्रायव्हर आपल्या पोटात घेताच येत नाही, मग कितीही पिळा.

"ताई, ही चिठ्ठीतली फाइल बत्तीसची आहे की चौसष्टची? सिस्टम३२ लिहिलंय."

ताईनं खिडकीच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथं चौसष्ट लिहिलेलं. फाइलच्या नावात बत्तीस, फोल्डरच्या नावात बत्तीस, आणि निघाली चौसष्टची. ताईनं तिच्या कंप्युटरवर शोधलं तेव्हा उलगडा झाला. चिठ्ठी लिहिली तेव्हाचा कंप्युटरच बत्तीसचा होता, तिथं ती बरोबर होती. आता नव्या कंप्युटरवर त्याच जागी चौसष्टची बसवली आहे, आणि बत्तीसची तशीच, त्याच नावाची फाइल दुसऱ्या फोल्डरात ठेवली आहे, ज्याच्या नावाला मागे चौसष्ट लावलेलं.

मिलीमीटर म्हणाला, "धाकट्याला थोरला म्हणायचं आणि थोरल्याला धाकटा. असलं घर चालतं तरी कसं?"

"आपलं नाही का चालत," ताई म्हणाली.

सुरुवातीच्या मेनूत मात्र दोन्ही खिडक्या सरळ नावानं लिहिलेल्या होत्या, एक बत्तीस, एक चौसष्ट. मिलीमीटरनं बत्तीसची उघडली. ड्रायव्हरांची यादी आली. नोंदणीच्या कंप्युटरशी बोलणारा ड्रायव्हर त्यात नव्हता.

नव्हता, कारण काल दुपारी चहाच्या आधी त्यानंच काढला होता.

अंगावर पाणी ओतल्यासारखा बसला. ताईनं विचारलं, काय झालं? त्याच्या डोळ्यासमोर कपाट आलं, कुलूप आलं, खिशातली किल्ली आली. फाइल गेली, कचरापेटी गेली. पंचवीस वर्षं जी शिस्त लोकांना शिकवली ती इथं उलटी निघाली. या टेबलावर दोन मापं लागतात आणि तो एक माप उकिरड्यावर टाकून आला होता. चुकीचीही एक जात असते. ही चूक वर्कशॉपात दुसऱ्या कुणी केलीच नसती, कारण दुसरा कुणी इतका नीटनेटका नव्हता.

कंप्युटरवाल्याला परत फोन लावणं जड गेलं. सकाळी त्याचं मशीन खराब म्हणून झालं होतं. लावला. म्हणाला, बत्तीसचा ड्रायव्हर मी काढला, फाइलसुद्धा पुसली, मला परत पाहिजे.

"कशाला काढलात?"

"दोन होते म्हणून."

"अहो, दोन होते म्हणूनच टाकले होते. तुमचा प्रोग्रॅम जुना, बाकी सगळं नवीन."

"मग ते शनिवारी सांगायचं होतंत."

"विचारायचं होतंत."

दोघंही बरोबर होते म्हणून भांडण लांबलं नाही. कंप्युटरवाला बाहेरगावी कुणाचा तरी कंप्युटर उघडून बसला होता. हात मोकळे झाले की फाइल पाठवतो म्हणाला. वर्कशॉपातल्या मशीनला इंटरनेट नव्हतं, फाइल ताईच्या कंप्युटरवर येणार होती. मग वाट बघणं आलं. मिलीमीटर नोंदणीच्या खोलीत दाराशी उभा राहायचा, आली का, ताई म्हणायची नाही. वर्कशॉपात जायचा, ठोकळा नीट बसलाय का हलवून बघायचा, परत यायचा. सातव्या फेरीला ताई म्हणाली, इथं बसा नाहीतर तिकडे बसा, मधला जिना झिजेल. त्यावर तो जिन्यात बसला.

दोन वाजून गेल्यावर फाइल आली. ताईनं पेनड्राइव्हवर घेतली. बत्तीसचा ड्रायव्हर पुन्हा बसला. आता बत्तीसच्या खिडकीत जोडणी करायची, तर सकाळची जोडणी त्याच नावानं तिथंही दिसत होती, पुढे चौसष्टची पाटी लावलेली, आणि तिला हात लावू देत नव्हती. ती आधी चौसष्टच्या खिडकीत जाऊन काढावी लागली. मग बत्तीसच्या खिडकीत तेच नाव, तोच पत्ता. चाचणी यशस्वी.

हिरव्या खुणेवर आता त्याचा विश्वास राहिला नव्हता. त्यानं ताईलाच सांगितलं, प्रोग्रॅम तुम्ही सुरू करा.

तिनं दोनदा टिचकी मारली. पडदा पांढरा झाला, अडखळला, आणि कंडक्टरबाईच्या उरलेल्या पायाचा करडा आकार वळत वळत समोर आला. नडगीच्या हाडाचं टोक, आतल्या बाजूचा खळगा, सगळं जागच्या जागी. मिलीमीटरनं माऊस हातात घेतला, दाबाच्या जागा आत घेतल्या, हाडाच्या जागा मोकळ्या केल्या आणि यंत्र सुरू केलं. पाती फिरायला लागली, फोमचा भुसा उडायला लागला.

ताई जाता जाता म्हणाली, "माझी शीट आता तोच चौकोन दाखवतेय."

साहजिक होतं. जोडणी आता बत्तीसची, शीट चौसष्टची. त्यानं शीटसाठी चौसष्टच्या खिडकीत वेगळ्या नावाची दुसरी जोडणी करून दिली. मग भिंतीवरच्या चिठ्ठीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कोरणीला बत्तीस, शीटला चौसष्ट, दोन्ही ठेवणे. खाली तारीख घातली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. पत्र लिहून टेबलावर पडलेलं, सही व्हायची होती. मिलीमीटरनं उभ्या उभ्या सांगितलं. प्रोग्रॅम निकामी नाही. चिठ्ठी जुनी होती ते एक, आणि ड्रायव्हर मी काढला ते दुसरं. प्रोग्रॅमला दोष देऊ नका.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मी सही केली असती तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

त्यांनी पत्र फाडलं नाही. ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला उद्याच्या रुग्णांची यादी लिहायला घेतली. म्हणाल्या, इथून पुढं त्या कंप्युटरवरचं काही काढायचं असेल तर आधी मला विचारायचं. त्याला हे बोचलं. पंचवीस वर्षांत त्याला कुणी विचारून काम करायला लावलं नव्हतं. पण हो म्हणाला.

गुरुवारी सकाळी प्लास्टिक ओढलं, थंड केलं, कडा कापल्या, घासल्या, नळी लावली. नळी तीसची, जोड तीसचा, तीनदा बघितलं. दुपारी कंडक्टरबाई आली, पाय चढवला, दोन दांड्यांच्या मधून चालली, मग दांड्या सोडून चालली. मिलीमीटर जमिनीवर बसून टाचेकडे बघत होता. पाऊल अर्धा अंश बाहेर वळवलं. ती परत चालली. वर्कशॉपातल्या तीन लाकडी पायऱ्या चढली, उतरली, चढली.

काल काय झालं ते तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाली, "ड्रायव्हरमुळे अडलं म्हणे. आमच्याकडे रोजचंच आहे."

तो हसला नाही. त्याचं लक्ष तिच्या गुडघ्याकडे होतं. रात्री घरी नीट झोपला नाही, बायकोनं कारण विचारलं तर म्हणाला, आतली कड बघायची राहिली असं वाटतंय.

शुक्रवारी दहा वाजले, अकरा वाजले, साडेबारा झाले. फोन नाही. त्यानं स्वतःहून केला नाही. तपासणीत ती उभी असेल आणि खिशात फोन वाजेल, असं त्याला वाटत राहिलं. नळ्या पुसून ठेवल्या, परत पुसल्या. कपाट उघडून बावीसच्या मोजल्या, बंद केलं.

अडीचला ती दारात उभी. गणवेशात, काखेत पिशवी, चेहरा त्रासलेला. मिलीमीटर उठून उभा राहिला.

"सोमवारी पहिली गाडी मिळालीय, सव्वापाचची," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून पाय काढायला लागली. "पण पायऱ्या त्यांनी आठ वेळा चढायला लावल्या, आणि आतल्या बाजूला घासतंय. बघा, लाल झालंय. आठ तास उभं राहायचंय मला यावर."

त्यानं वाकून बघितलं. आतली कड. लाल डाग बोटाच्या पेराएवढा.

"दीड मिलीमीटर," तो म्हणाला, आणि सॉकेट घेऊन घासणीच्या चाकाकडे गेला.